कंबर धरली : फोटो काढावा की नाही?

शेतात, बाजारात, घरात, कुठेही काम करणाऱ्या माणसाची कंबर कधी ना कधी धरते. कोणी म्हणतो उसण भरली. कोणी म्हणतो लचक बसली. नाव कोणतेही असो, अशा वेळी मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे दुखणे साधे आहे की वाईट? आणि कमरेचा फोटो काढायला हवा का? या धड्यात आपण या दोन प्रश्नांचाच विचार करणार आहोत.

कमरेत असते काय?

आपल्या कमरेत पाच मोठे मणके असतात. ते लगोरीसारखे एकावर एक रचलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट गादी असते. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना जाड स्नायू असतात. मणक्यांच्या मधून नसा निघतात व खाली पायांत जातात.

लगोरी धक्का लागला की ढासळते. मणके तसे सुटे नसतात. गादी वरच्या व खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते. पुष्कळ लोक म्हणतात, "माझी गादी सरकली." पण गादी ताटातल्या भाकरीसारखी इकडून तिकडे सरकत नाही. फार तर ती एका बाजूला थोडी फुगते, किंवा तिच्या आतला गर बाहेर येतो. हे सुद्धा पुष्कळदा आपोआप निवळते.

कंबर दुखते तेव्हा नेमके काय दुखते? स्नायू, सांधा की गादी? पुष्कळ वेळा हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. डॉक्टरांना नाही आणि यंत्रालाही नाही. दवाखान्यात कंबरदुखीसाठी आलेल्या शंभर माणसांपैकी सुमारे नव्वदांचे दुखणे असे असते. त्याला आपण 'साधी कंबरदुखी' म्हणू. साधी म्हणजे थोडी दुखणारी, असे नव्हे. माणूस कळवळतो, त्याला वाकता येत नाही, शिंक आली तरी जीव जातो. तरीही ती साधीच असते, कारण तिच्यामागे मोडलेले हाड नसते, क्षय नसतो, गाठ नसते. शरीर ती स्वतः बरी करते.

उरलेल्या थोड्यांच्या दुखण्यामागे मात्र दुसरे काही असते. त्यांना वेळेवर ओळखले नाही तर मोठे नुकसान होते. तेव्हा पहिले काम कोणते? त्या थोड्यांना निवडून काढणे. हे काम बव्हंशी प्रश्न विचारून आणि हाताने तपासून होते.

अण्णांची कंबर

समजा, आपल्या वाडीत एक अण्णा आहेत. वय ४२ वर्षे. ते कांद्याच्या बाजारात हमाली करतात. एका सोमवारी ५० किलोचे पोते उचलताना त्यांनी कमरेतून पीळ घेतला. कमरेत एकदम कळ आली. ते तिथेच खाली बसले. दोघांनी धरून त्यांना घरी आणले.

घरी आल्यावर जो तो सल्ला देऊ लागला. शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "पायाळू माणसाचा पाय लाव, उसण लगेच उतरते." मेव्हणे म्हणाले, "तालुक्याला चला. मोठा फोटो काढू, सगळं कळतं." वहिनी म्हणाल्या, "महिनाभर हलायचं नाही. फळीवर पडून राहा."

अण्णा दोन दिवस पडून राहिले. तिसऱ्या दिवशी ते प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवून घेतले.

"बाई, आधी फोटो काढायला लिहून द्या," अण्णा म्हणाले.

"फोटोचं मग बघू. आधी मी विचारते, तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या.

त्यांनी विचारले ते सहा प्रश्न आपणही शिकून घेऊ.

पहिला प्रश्न. "लघवी नीट होते का? ती तुंबली आहे का? किंवा नकळत लघवी, संडास होते का? सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो, तिथे बधिर वाटतं का?"

दुसरा प्रश्न. "पायातलं बळ गेलं आहे का? चालताना पाऊल फरफटतं का? चप्पल पायातून निसटते का?"

तिसरा प्रश्न. "उंचावरून पडलात का? कमरेला मोठा मार बसला का?" माणूस म्हातारा असेल, किंवा त्याने बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्याची हाडे ठिसूळ होतात. मग घरात नुसते घसरून पडल्यानेही मणका दबू शकतो.

चौथा प्रश्न. "ताप येतो का? विशेषतः संध्याकाळी? वजन कमी झालं आहे का? रात्री घाम सुटतो का? तुम्हाला किंवा घरात कोणाला क्षय झाला होता का?"

पाचवा प्रश्न. "पूर्वी कधी कॅन्सर झाला होता का?" स्तनाचा, फुप्फुसाचा आणि आणखी काही प्रकारचे कॅन्सर पुढे हाडात उतरू शकतात.

सहावा प्रश्न. "पडल्यावर आराम वाटतो का? की कुठल्याही कुशीवर, रात्रंदिवस, दुखतच राहतं आणि दिवसेंदिवस वाढतं?"

अण्णांनी सहाही प्रश्नांना उत्तरे दिली. लघवी नीट होत होती. पायात बळ होते. ते पडले नव्हते. ताप नव्हता. घरात कोणाला क्षय नव्हता. कुशीवर पडून पाय जवळ घेतले की त्यांना बरे वाटत होते.

मग बाईंनी तपासले. कंबर उघडी करून पाहिली. एकेका मणक्यावर बोटांनी हलकेच ठोकले. अण्णांना एका जागी कळ आली नाही, सगळीकडे ताठरपणा होता. मग बाई म्हणाल्या, "टाचांवर चालून दाखवा. आता चवड्यांवर चाला. आता पायाचा अंगठा वर ओढा, मी तो दाबते." हे अण्णांना जमले. याचा अर्थ पायाला जाणाऱ्या नसा काम करत होत्या. शेवटी उताणे झोपवून बाईंनी एकेक पाय सरळ वर उचलला. कंबर ओढली गेली, पण गुडघ्याच्या खाली पोटरीत कळ उतरली नाही.

या सगळ्याला पंधरा मिनिटे लागली. बाई म्हणाल्या, "अण्णा, ही साधी कंबरदुखी आहे. फोटोची गरज नाही."

"पण फोटो काढला तर बिघडलं काय?"

अण्णांनी हाच प्रश्न विचारला. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट पाहू.

साध्या फोटोत, म्हणजे एक्स-रेमध्ये, हाडे दिसतात. स्नायू, गादी आणि नस त्यात दिसत नाही. अण्णांचे हाड मोडले नव्हते. मग हाडाच्या फोटोत दिसणार काय? शिवाय कमरेच्या एक्स-रेमध्ये छातीच्या एक्स-रेपेक्षा किरण बरेच जास्त लागतात. विनाकारण ते अंगावर का घ्यायचे?

आता मोठा फोटो, म्हणजे एमआरआय. त्यात ते किरण नसतात, आणि गादी व नसाही दिसतात. मग तो तरी काढावा की नाही? इथे खरी गोम आहे. त्यात फार दिसते.

१९९४ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी ९८ माणसांचे एमआरआय काढले. या ९८ जणांना कंबरदुखी मुळीच नव्हती. तरी त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली दिसली. सगळ्या गाद्या चांगल्या आहेत असे फक्त शंभरात ३६ जण निघाले. म्हणजे धडधाकट माणसाचा फोटो काढला तरी त्यात काहीतरी सापडतेच.

वय वाढले की केस पिकतात, कातडीवर सुरकुत्या पडतात. तशाच आत गाद्या वाळतात आणि थोड्या फुगतात. केस पिकले म्हणून डोके दुखत नाही. तसेच गादी फुगली म्हणून कंबर दुखतेच असे नाही.

आता अण्णांचा विचार करा. त्यांचे वय ४२. वर्षानुवर्षे ओझी उचललेली. त्यांच्या कागदावर 'डिस्क बल्ज' किंवा 'डिजनरेशन' असे शब्द येण्याचा संभव पुष्कळ. पहिल्या शब्दाचा अर्थ गादी फुगणे, दुसऱ्याचा अर्थ गादी झिजणे. पोते उचलण्याच्या आदल्या दिवशी फोटो काढला असता तरी कदाचित तेच शब्द आले असते. पण अण्णांना हे ठाऊक नसणार. ते म्हणणार, "माझी गादी गेली." ते वाकायला भिणार, पोते सोडणार, घरी बसणार. कोणी सांगणार इंजेक्शन घ्या, कोणी सांगणार ऑपरेशन करा. कागदावरच्या एका शब्दाने चांगला माणूस आजारी होऊन बसतो. फोटोला काही हजार रुपये गेले ते वेगळेच.

साध्या कंबरदुखीत लगेच फोटो काढलेले आणि न काढलेले, अशा दोन्ही गटांची डॉक्टरांनी तुलना केली आहे. फोटो काढलेले लोक लवकर बरे झाले नाहीत. त्यांचे दुखणेही कमी झाले नाही. कारण फोटो हे औषध नव्हे. फोटो पाहून उपचार बदलणार असेल तरच तो कामाचा.

मग अण्णांनी केले काय?

बाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी : "पडून राहू नका."

पूर्वी डॉक्टरसुद्धा पडून राहायला सांगत. फिनलंड देशात हेलसिंकी शहरात याची परीक्षा झाली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. कंबर धरलेल्या काही नोकरदारांना दोन दिवस अंथरुणात ठेवले. काहींना कमरेचे व्यायाम दिले. उरलेल्यांना सांगितले, जेवढे सोसेल तेवढे रोजचे काम करत राहा. रोजचे काम करणारेच सगळ्यांत लवकर बरे झाले. पडून राहिले की स्नायू आखडतात, बळ कमी होते, आणि मनात भीती घर करते.

अण्णांनी असे केले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अंगणात दहा-दहा मिनिटे चालले. चालताना थोडे दुखे, पण चालून झाल्यावर कंबर मोकळी वाटे. दर दोन दिवसांनी त्यांनी वेळ थोडा वाढवला. एका जागी ते अर्ध्या तासाहून जास्त बसले नाहीत. उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने उठायचे, हे बाईंनी करून दाखवले होते. झोपताना उताणे असतील तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असतील तर दोन गुडघ्यांमध्ये उशी. फळीची गरज नव्हती. झोळीसारखी खोल गेलेली खाट तेवढी टाळली.

दिवसातून तीन-चार वेळा वहिनी कमरेला शेक देत. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळायची आणि पंधरा-वीस मिनिटे ठेवायची. पिशवी उघड्या कातडीला लावायची नाही, भाजते. मधुमेह असलेल्या माणसाला चटका लवकर कळत नाही, त्याने जास्त जपावे.

गोळ्यांविषयी बाईंनी स्पष्ट सांगितले. "या आयब्युप्रोफेनच्या गोळ्या पाच दिवसांच्या आहेत. जेवल्यावरच घ्यायच्या. दुखणं थोडं कमी होईल, चालता येईल. एवढाच त्यांचा उपयोग." गोळ्या देण्याआधी त्यांनी विचारून घेतले होते : पोटात व्रण होता का, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे का, रक्तदाब वाढलेला असतो का, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का? यांपैकी काही असेल किंवा बाई गरोदर असेल, तर ही गोळी आपल्या मनाने घेऊ नये. पॅरासिटामॉलची गोळी या दुखण्यात फारशी उपयोगी पडत नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, ही गोळी घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे सारख्याच वेळात बरे झाले. दोन्हीकडे निम्मे लोक साधारण १६-१७ दिवसांत बरे झाले होते.

बाजारात कंबरदुखीवर नाव नसलेल्या पुड्या मिळतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. आठ दिवस मोठा आराम वाटतो. पण महिनोन् महिने घेतल्यास तेच औषध हाडे ठिसूळ करते. ज्या पुडीवर नाव नाही, ती घेऊ नये.

नवव्या दिवशी अण्णा टेंपोतून तालुक्याला जाऊन आले. खड्ड्यांच्या रस्त्याने कंबर पुन्हा धरली. अण्णा घाबरले. मेव्हणे म्हणाले, "बघा, मी सांगत होतो. आता तरी फोटो काढा." अण्णा पुन्हा बाईंकडे गेले. बाईंनी तेच सहा प्रश्न पुन्हा विचारले आणि पुन्हा टाचांवर, चवड्यांवर चालवले. उत्तरे बदलली नव्हती. बाई म्हणाल्या, "बरं होताना दुखणं असं एक पाऊल मागं, दोन पावलं पुढं जातं. दुखणं वाढलं म्हणजे इजा वाढली, असं नाही. पुन्हा थोडं चालणं सुरू करा."

बाराव्या दिवशी अण्णा बाजारात गेले. आधी त्यांनी पोती शिवण्याचे आणि वजन लिहिण्याचे काम घेतले. तिसऱ्या आठवड्यात ते दुसऱ्याबरोबर जोडीने पोते उचलू लागले. पोते अंगाजवळ धरायचे, गुडघ्यात वाकायचे, आणि वळताना कमरेतून पीळ न घेता पाय फिरवायचे. पाचव्या आठवड्यात ते पूर्वीसारखे काम करू लागले.

पायाळू माणसाच्या पायाने उसण उतरते का?

म्हातारबाबांनी अण्णांना पायाळू माणसाकडे जायला सांगितले होते. समजा अण्णा गेले असते. चार-सहा दिवसांत कळ कमी झाली असती आणि अण्णा म्हणाले असते, "पायाचा गुण आला." पट्टा बांधला असता तर पट्ट्याचा गुण, इंजेक्शन घेतले असते तर इंजेक्शनचा गुण. खरे म्हणजे गुण शरीराचाच. साधी कंबरदुखी पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांची पुष्कळ कमी होते. मधल्या काळात जे केले असेल, त्याला आपण यश देतो.

नुसता पाय लावला तर इजा नाही. पण कोणी जोराने लाथ मारतो, कोणी पाठीवर उभा राहतो. मणका मोडलेला असेल किंवा किडलेला असेल तर असा दाब फार घातक आहे. म्हणून सहा प्रश्न आधी, बाकी सारे मागाहून.

काकूंची कंबर

आता दुसरे उदाहरण घेऊ. समजा, त्याच वाडीत एक काकू आहेत. वय ३८. त्यांची कंबर एकदम धरली नाही. दोन महिने हळूहळू दुखत गेली. त्यांनी ओझे उचलले नव्हते. घरच्यांनी तेल चोळले, शेक दिला. गुण आला नाही.

काकूंना बाईंनी तेच सहा प्रश्न विचारले. लघवी नीट होती. पायात बळ होते. पण चौथ्या प्रश्नावर काकू थांबल्या. "संध्याकाळी अंग तापतं. कामाचा शीण असेल म्हणून लक्ष दिलं नाही. चोळ्या सैल झाल्यात, जेवण जात नाही." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दिरांना क्षय झाला होता. सहाव्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "रात्री कुठल्याच कुशीवर झोप नाही." बाईंनी मणक्यांवर बोटांनी ठोकले. एका ठरावीक मणक्यावर काकू कळवळल्या.

इथे बाई फोटोला नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्याच दिवशी रक्त तपासायला दिले, कमरेचा आणि छातीचा एक्स-रे लिहिला, आणि एमआरआयसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात चिठ्ठी दिली. त्या म्हणाल्या, "साध्या फोटोत काही दिसलं नाही तरी परत यायचं नाही. मोठा फोटो काढूनच या." असे का? मणक्याचा क्षय सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसत नाही. हाड बरेच किडल्यावरच तो दिसतो. एमआरआयमध्ये तो लवकर दिसतो. नंतर सुईने तिथला थोडा भाग काढून तपासतात, म्हणजे खात्री होते आणि कोणते औषध लागू पडेल तेही कळते.

मणक्याचा क्षय बरा होतो. औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण ती बरेच महिने घ्यावी लागतात, मध्येच सोडून चालत नाही. उशीर झाला तर मणका ढासळतो, पाठीला कुबड येते आणि पाय लुळे पडू शकतात. काकू आणखी चार महिने तेल चोळत बसल्या असत्या, तर हेच झाले असते.

म्हणजे फोटो वाईट नाही. अण्णांना तो नको होता, काकूंना तो हवाच होता. दोघांतला फरक कमरेच्या कळेवरून कळला नाही. कळ तर अण्णांची जास्त होती. फरक कळला तो प्रश्नांवरून.

दोन गोष्टी जपून समजून घ्या

एखाद्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले म्हणजे वाईट रोग झालाच, असे नाही. पुष्कळ साध्या कंबरदुखीतही रात्री कूस बदलताना झोपमोड होते. माणूस पन्नाशीच्या पुढचा आहे, एवढ्यावरूनही घाबरू नये. डॉक्टर सगळी उत्तरे एकत्र जुळवून पाहतात. ताप, वजन घटणे, घरातला क्षय आणि एका मणक्यावरची कळ ही काकूंची सगळी उत्तरे एकाच दिशेला बोट दाखवत होती.

पहिल्या प्रश्नाचे मात्र तसे नाही. तिथे एकच 'हो' पुरे आहे. मणक्यांच्या खालच्या टोकाला नसांचा एक जुडगा असतो. लघवी, संडास आणि बैठकीची जागा यांचा कारभार त्याच्याकडे असतो. क्वचित एखादी मोठी फुगलेली गादी हा जुडगा दाबते. मग लघवी तुंबते किंवा कळत नाही, बसण्याची जागा बधिर होते, दोन्ही पाय ढिले पडतात. असे झाले तर रात्र असो वा पाऊस, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे तातडीने एमआरआय काढतात आणि गरज असेल तर ऑपरेशन करून दाब काढतात. दोन-तीन दिवस वाट पाहिली तर गेलेली शक्ती परत येईलच असे नाही. लघवीची गोष्ट सांगायला लोक लाजतात, बायका तर फारच. इथे लाजू नये.

दुसऱ्या प्रश्नाला 'हो' आले, म्हणजे पाऊल फरफटू लागले, तरीही लगेच दाखवावे.

कित्येकांना कमरेबरोबर एका पायात, थेट पोटरीपर्यंत कळ उतरते व मुंग्या येतात. ही नस दुखावल्याची खूण आहे. पण पायात बळ असेल आणि लघवी नीट असेल, तर इथेही फोटोची घाई नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. सहा आठवडे नीट उपचार करूनही कळ हटली नाही आणि ऑपरेशनचा विचार करायचा असेल, तेव्हा एमआरआय काढतात.

साधी कंबरदुखी सुद्धा दोन आठवड्यांत मुळीच उतरली नाही, तर पुन्हा दाखवावे. सहा प्रश्न एकदा विचारून सोडायचे नसतात. आज 'नाही' असलेले उत्तर महिन्याने 'हो' होऊ शकते.

पुन्हा धरू नये म्हणून

एकदा धरलेली कंबर पुन्हा धरते, हे पुष्कळांच्या अनुभवाचे आहे. त्यावर सोपा उपाय चालणे हाच. २०२४ साली ऑस्ट्रेलियातून एक पाहणी प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्याचे लक्ष्य दिले. काय करावे व का, हेही समजावून सांगितले. न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची कंबर सुमारे ११२ दिवसांत पुन्हा धरली. चालणाऱ्यांना तेवढेच व्हायला सुमारे २०८ दिवस लागले. चालण्याने दुखणे कायमचे गेले नाही, पण ते बरेच लांबले. अण्णा आता बाजारातून घरी टेंपोने येत नाहीत, चालत येतात.

आता सांगा

१. साधी कंबरदुखी म्हणजे थोडी दुखणारी कंबर, हे बरोबर की चूक? का?

२. बाईंनी विचारलेले सहा प्रश्न आठवा. न पाहता घरच्यांना सांगा.

३. अण्णांना आणि काकूंना वेगवेगळा सल्ला का मिळाला?

४. शेजाऱ्याची कंबर धरली आहे आणि काल रात्रीपासून त्याला लघवी झालेली नाही. तुम्ही काय कराल? उद्यापर्यंत थांबाल का?

५. एकाच्या कागदावर 'डिस्क बल्ज' लिहिले आहे. तो म्हणतो, "आता मी कामाचा राहिलो नाही." त्याला तुम्ही काय सांगाल? चार ओळी लिहा.